टोपलीतला कागद

पहिल्या खेपेला माझा खेळ एका केराच्या टोपलीपाशी अडकला. हा रोलप्लेइंगचा खेळ: मी गोष्ट सांगणारा, म्हणजे जीएम, आणि बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यातलं रहस्य उलगडतात. चार जण टेबलाभोवती बसले होते, मधे फासे आणि भेळेची पुडी. गोष्ट १९३७ सालच्या पुण्यातली, मी स्वतः रचलेली. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या छापखान्याचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सकाळी माळ्याच्या जिन्याखाली मरून पडलेले सापडतात. पाय घसरून पडले, असं घरचे म्हणतात. खरी गोष्ट वेगळी. शेजारच्या गणेश मंडळाच्या खजिनदाराने छापखान्यातल्या खिळेजुळाऱ्याला, म्हणजे कंपोझिटरला, हाताशी धरून वर्गणीच्या पावत्यांचा दुसरा संच रात्रीतून छापून घेतला होता. नंबर तेच, १ ते ५००. एका पुस्तकाची वर्गणी मंडळाच्या पेटीत जाणार आणि दुसऱ्याची त्याच्या घरी. अण्णांना सुगावा लागला, ते रात्री येऊन पोचले आणि जिन्यावर झटापट झाली.

आता छापखान्यातून मंडळाकडे जायचा रस्ता मी एकच ठेवला होता. केराच्या टोपलीत एक वाया गेलेली पावती, चुरगाळलेली, शाई फासटलेली, नंबर ०१३७. ती दिसायला फासे टाकायचे. आम्ही 'कॉल ऑफ कथुलू'चे नियम वापरतो. हा खेळ १९८१ पासून चालत आलाय. त्यातले राक्षस मी काढून टाकतो आणि शंभरातल्या टक्क्यांचे फासे तेवढे ठेवतो. शोधक नजरेचं जे कौशल्य त्यात आहे, स्पॉट हिडन, ते कुणी वाढवलं नसेल तर २५ टक्के असतं. आमच्या वार्ताहराचं ५५ होतं, वकिलाचं ४०, डॉक्टरीणबाई आणि पैलवान २५ वर. चौघांनी फासे टाकले आणि चौघांचे चुकले.

पुढची पन्नास मिनिटं मला आजही आठवतात. डॉक्टरीणबाईंनी प्रेत तीनदा तपासलं. पैलवानाने जिना चढून-उतरून पाहिला. मी वर्णन करताना सहज म्हणून भिंतीवर पानाची पिचकारी टाकली होती, तिच्यावर वकिलाने अख्खा खटला उभा केला: पान कोण खातं, कुठलं खातं, पानवाला कोण. मग अण्णांच्या पुतण्याचा विषय निघाला. अण्णांना पुतण्या नव्हता. पण वार्ताहराने इतक्या आत्मविश्वासाने विचारलं, की मी गडबडीत 'हो, आहे, मुंबईला असतो' असं बोलून गेलो आणि ते मुंबईचं तिकीट काढायला निघाले.

शेवटी मी खिडकीतून एक मांजर आत सोडलं. मांजराने टोपली पाडली. कागद बाहेर आला.

वकील म्हणाला, "मांजराचं स्पॉट हिडन किती होतं रे?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र वही उघडून गणित मांडलं. चौघांचेही फासे चुकण्याची शक्यता ०.४५ गुणिले ०.६० गुणिले ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे १५ टक्के. पंधरा म्हणजे फार नाही, असं वाटतं. पण माझ्या गोष्टीत असे एकाच धाग्यावर लटकलेले प्रसंग तीन होते. त्यातल्या कुठेतरी एका ठिकाणी गाडी रुतण्याची शक्यता ३९ टक्के निघाली. बरं, हे सगळ्यांनी फासे टाकले तर. टोपलीकडे एकटा पैलवान गेला असता तर चारात तीन वेळा हात हलवत परत आला असता. म्हणजे त्या संध्याकाळी नशीब खराब नव्हतं, गोष्टच तशी रचलेली होती.

खेळणाऱ्यांना हे ठाऊक असेल, की त्या नियमांत फसलेला प्रयत्न पुन्हा रेटता येतो, त्याला पुश म्हणतात, आणि पुन्हा चुकलं तर जास्त वाईट घडतं. सातव्या आवृत्तीत खेळाडू अडकले की वापरायला आयडिया रोलही आहे. त्यात चुकलं तरी सुगावा मिळतो, फक्त पात्रं संकटात सापडतात. या दोन्ही सोयी चांगल्या आहेत. पण त्या गाडी रुतल्यावर ढकलायच्या सोयी आहेत. मला मुळात रस्त्यावरचा खड्डाच नको होता.

म्हणून तो एक प्रसंग, छापखान्याचा, मी पुन्हा लिहायला घेतला.

पहिल्यांदा एवढंच केलं, की सुगावा बाजूला ठेवला आणि वहीच्या वरच्या ओळीत, खेळाडूंना इथून निघताना काय कळलेलं असायला हवं, ते एका वाक्यात लिहिलं. 'परवा रात्री इथे वहीत न नोंदलेलं काम झालं, आणि ते मंडळाच्या पावत्यांचं होतं.' हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, कारण तोवर माझ्या डोक्यात फक्त 'त्यांना पावती सापडायला हवी' एवढंच होतं. पावती सापडणं हे काही कळणं नव्हे. ती त्या कळण्यापर्यंत पोचायची एक वाट. आणि एकदा कळायची गोष्ट कागदावर आली, की तिच्याकडे आणखी कुठून येता येईल हे विचारता येतं.

जस्टिन अलेक्झांडर नावाचा एक अमेरिकी लेखक-रचनाकार या बाबतीत तीन सुगाव्यांचा नियम सांगतो: जे जे कळायला हवं त्या प्रत्येकासाठी निदान तीन सुगावे ठेवा. त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. पहिला खेळाडूंच्या हातून सुटेल, दुसऱ्याकडे ते बघणार नाहीत आणि तिसऱ्याचा भलताच अर्थ लावतील. माझा पानाच्या पिचकारीचा अनुभव ताजा होता, त्यामुळे तिसरा भाग मला लगेच पटला.

पण तीन सुगावे आणायचे कुठून? छापखान्याबद्दल मला ऐकीव माहिती. मग सांगलीच्या मामांना फोन लावला. त्यांच्या वडिलांचा ट्रेडलवर चालणारा छापखाना होता आणि मामांचं लहानपण छपाईच्या खिळ्यांत गेलं. मी विचारलं, "मामा, कुणी रात्री गुपचूप काही छापलं तर सकाळी कशावरून कळेल?"

"कसलं काम?"

"पावत्या. नंबर घातलेल्या."

मामा जरा थांबले. "अरे, मग नंबरिंगचा बॉक्स बघायचा. एक कागद दाबला की तो एकाने पुढे जातो. शेवटचा नंबर जो छापलास त्याच्या पुढचा आकडा त्यावर उभा राहतो. कुणी हाताने मागे फिरवला नाही तर तो खोटं बोलत नाही."

"आणि?"

"आणि फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेले खिळे. काम झालं की फर्मा सोडतात. खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. लहान छापखान्यात खिळे असतात किती? एका कामात अडकून बसले तर दुसरं काम कशावर जुळवणार? न सोडलेला फर्मा दिसला की आमचे वडील ओरडायचे."

मग त्यांनी रुळांबद्दल सांगितलं. मशीनचे रूळ शाई वाळायच्या आत रॉकेलने पुसून ठेवायचे, आणि ते काम पोऱ्याचं. म्हणजे पोऱ्याने संध्याकाळी पुसलेले रूळ सकाळी काळे दिसले, तर मधे कुणीतरी मशीन चालवलंय. हे तिन्ही सुगावे मी कितीही डोकं खाजवलं असतं तरी सुचले नसते. धंद्याची एक रीत असते आणि चोरी करणाऱ्याकडून घाईत ती मोडते. सुगावा बहुधा तिथे सापडतो. तेव्हापासून मी गोष्ट रचताना आधी त्या जागेची रोजची रीत विचारून घेतो.

मग दुसरी आवृत्ती तयार झाली. जुळणीच्या टेबलावर न सोडलेला फर्मा, त्यात उलट्या अक्षरांत मंडळाचं नाव. नंबरिंग बॉक्सवर आकडा ५०१. आणि कामाच्या वहीत शेवटची नंबराची नोंद नाटकाच्या तिकिटांची, १ ते २०००, म्हणजे बॉक्सवर २००१ असायला हवं होतं. मंडळाच्या मूळ पावत्यांची नोंद त्याच्याही दोन महिने आधीची. टोपली मी तशीच ठेवली, मांजराच्या आठवणीखातर.

हा प्रसंग मी दुसऱ्या गटाबरोबर खेळवला आणि आपलं आता काही चुकायचं नाही अशा ऐटीत बसलो.

ते छापखान्यात गेलेच नाहीत.

दाराशी एक हवालदार उभा आहे, असं मी वातावरणासाठी म्हणून सांगितलं होतं. त्याला चार आणे दिले असते किंवा 'आम्ही घरचे' म्हटलं असतं, तरी त्याने सोडलं असतं. पण खेळाडूंच्या कानाला 'हवालदार' म्हणजे 'इथे येऊ नका' असं ऐकू आलं. ते बाहेरच गल्लीत फिरू लागले, शेजारणीशी बोलले, समोरच्या चहावाल्याशी बोलले, आणि माझ्याकडे शेजारीणही नव्हती आणि चहावालाही नव्हता. तीन सुगावे होते, पण तिन्ही एकाच दाराआड आणि तिन्ही पाहून-वाचून कळायचे. दार बंद झालं की तीन काय नि तेरा काय.

या खेपेला मात्र मी मांजर आणलं नाही. शेजारीण तिथल्या तिथे उभी केली. ती म्हणाली, "परवा रात्री मशीनचा खटका चालू होता हो, दीडपर्यंत. मला वाटलं लग्नसराईचं काम असेल. मग लक्षात आलं, श्रावणात कसली लग्नं?" खेळाडू टुणकन उठून बसले. घाईत तोंडातून निघालेलं ते वाक्य मी आजतागायत बदललेलं नाही. चातुर्मासात लग्नं होत नाहीत हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे 'रात्री कसलं काम?' हा प्रश्न मला विचारावा लागला नाही, त्यांनीच विचारला.

त्या वाक्यावरून मला आणखी एक उमगलं. सुगावा म्हणजे नुसती वस्तू नव्हे, दोन गोष्टींमधली विसंगती. त्यातली एक बाजू खेळाडूला आधीपासून ठाऊक असावी लागते. श्रावणाची बाजू ठाऊक होती, म्हणून शेजारीण चालली. नंबरिंग बॉक्सवरचा ५०१ मात्र एकटा कुणालाच काही सांगत नाही. आजच्या कुणी तो बॉक्स पाहिलेला नसतो. माझ्या दुसऱ्या गटातला एक जण शेवटी आत शिरला, त्याने बॉक्स पाहिला, मी आकडा सांगितला आणि तो म्हणाला, "बरं, मग?" तो हुशार मुलगा आहे. चूक माझी होती. सुगावा त्याच्या हातात होता आणि तरीही खेळ तिथेच अडकला. म्हणजे सुगावा हुकला की खेळ थांबतो, हे अर्धंच खरं. सापडूनही न कळलेला सुगावा जास्त छळतो, कारण जीएमला वाटतं, दिलाय की आपण.

याचा तोडगा मला 'गमशू' नावाच्या नियमसंचात सापडला. रॉबिन लॉज यांची ही रचना, आणि केनेथ हाइट यांनी २००८ मध्ये तिच्यावर 'ट्रेल ऑफ कथुलू' बांधला. त्यात साधा विचार आहे: पात्र योग्य जागी असेल आणि त्याच्याकडे त्या विषयाचं कौशल्य असेल, तर पुढे जायला लागणारी माहिती द्यायचीच, फासे टाकायचे नाहीत. मी तो संच जसाच्या तसा वापरत नाही, कारण आमच्या मंडळींना फासे टाकायला आवडतात. पण एवढं उचललं, की वार्ताहर रोज छापखान्यात जातो, त्याला नंबरिंग बॉक्स ठाऊकच असणार. मग तो जवळ गेला, की मी आकडा सांगून थांबत नाही. मी म्हणतो, "तुला माहितेय, हा आकडा शेवटच्या छापलेल्या नंबराच्या पुढचा असतो. म्हणजे यावर शेवटी ५०० नंबर पडलाय." आणि कामाची वही मी बॉक्सच्या शेजारीच उघडी ठेवतो, नाटकाच्या तिकिटांच्या पानावर. आकडे शेजारी शेजारी आहेत. जोडायचं काम त्यांचं.

हे करताना एक भीती वाटत होती: सगळंच फुकट दिलं तर खेळ कशाचा? फासे तर हवेत. मग मी फाशांना विचारायचा प्रश्न बदलला. 'सापडतं का?' हे विचारायचं नाही, 'काय मोबदल्यात सापडतं?' हे विचारायचं. तिसऱ्या खेपेला वार्ताहराने बॉक्स उचलून पाहिला. फासे ७१, त्याचं कौशल्य ५५, म्हणजे चुकलं. मी म्हणालो, "आकडा दिसला. ५०१. पण बॉक्सवरची शाई अजून ओली आहे आणि तुझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळा पट्टा बसलाय." त्याने खांदे उडवले. दोन प्रसंगांनंतर तो मंडळाच्या ऑफिसात खजिनदारासमोर बसला होता आणि खजिनदाराची नजर त्याच्या बाहीवर गेली. "छापखान्यात जाऊन आलात वाटतं?" टेबलावर जी शांतता पसरली, ती मला टोपलीपाशी कधीच मिळाली नव्हती. आणि फासे बरोबर पडले असते तर? तर बाही स्वच्छ राहिली असती आणि वर बॉक्सच्या खाचेत अडकलेला धोतराचा धागा मिळाला असता, त्यावरून रात्री मशीनवर कोण होतं याचा अंदाज बांधता आला असता. तो धागा मिळाला नाही तर काही अडत नाही. मिळाला तर पुढे सोपं जातं. फासे आता माझ्याकडे एवढ्यासाठीच असतात.

तिसरी आवृत्ती लिहिताना मी वहीच्या पानाचे तीन भाग पाडले: आत, दारात, गल्लीत. आत फर्मा आणि बॉक्स, हे हात लावणाऱ्यासाठी. दारात पोऱ्या, बिचारा रडवेला होऊन बसलाय, कारण सकाळी रूळ काळे दिसले म्हणून अण्णांच्या मुलाने त्याला झापलंय आणि तो शपथेवर सांगतोय, "मी पुसूनच गेलो होतो हो." हा माणसांशी बोलणाऱ्यांसाठी. गल्लीत शेजारीण, आणि तिच्या हातात त्याच सकाळी मिळालेली वर्गणीची पावती. नंबर ०१३७. टोपलीतल्यासारखीच, फक्त न फासटलेली. तिच्या जावेकडेही ०१३७ नंबरचीच पावती आहे, हे ती स्वतःहून सांगत नाही. कुणी पावती मागून पाहिली, तर म्हणते, "जाऊबाईंनापण हीच दिली की." म्हणजे टोपली नाही उलटली तरी तो कागद कुठेतरी फिरतोच आहे.

पान भरल्यावर प्रत्येक सुगाव्याशेजारी मी एक बाण काढतो आणि बाणाच्या टोकाला खेळाडू काय म्हणेल ते वाक्य लिहितो. 'चला, मंडळाच्या ऑफिसात जाऊ.' 'त्या खिळेजुळाऱ्याला गाठू.' बाणाच्या टोकाला 'अरे वा, विचित्रच आहे' एवढंच येत असेल, तर तो सुगावा अजून कच्चा. रुळांचा सुगावा असाच होता. रात्री कुणीतरी मशीन चालवलं हे कळतं, पण मग जायचं कुठे? म्हणून पोऱ्याच्या तोंडी एक वाक्य वाढवलं: "किल्ली माझ्याकडे नसते, जुळणीवाल्या गोविंदकाकांकडे असते. आणि ते दोन दिवस आलेच नाहीत कामाला." आता बाणाला पत्ता मिळाला.

पानाची पिचकारी मी काढून टाकली. फसवे सुगावे जाणूनबुजून पेरायचे मी सोडून दिलंय. चार माणसं टेबलावर बसली की ते स्वतःच हवे तेवढे तयार करतात, वर जीएमकडून पुतण्याही वदवून घेतात.

एवढं सगळं करूनही एखादा गट थांबतो, म्हणून पानाच्या तळाला मी एक घड्याळ ठेवतो. दुपारी चार वाजता खजिनदाराचा माणूस हातगाडी घेऊन छापखान्यात येतो आणि म्हणतो, "गोविंदने एक फर्मा ठेवलाय, तो न्यायला पाठवलंय." हे मांजरच आहे, कबूल. पण मांजराला टोपली पाडायचं काही कारण नव्हतं, खजिनदाराला आहे. पुरावा जागेवर पडून आहे हे त्याला कळलंय आणि तो हलवणं त्याला भाग आहे. गुन्हेगार स्वस्थ बसून राहत नाही एवढं लक्षात ठेवलं, की अडकलेल्या टेबलाकडे काहीतरी चालत येतं, आणि ते जीएमने फेकलेलं वाटत नाही.

घड्याळ कधी वाजवायचं हे मी खेळातल्या वेळेवर ठरवत नाही, टेबलाकडे बघून ठरवतो. विचार चाललेला असताना शांतता असते आणि अडकल्यावरही असते, त्यामुळे शांततेवरून काही ठरवू नये. मी प्रश्न मोजतो. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला, 'प्रेताजवळ अजून काही आहे का?' असा, की मी मनात खूण करतो. दहाएक मिनिटांत एकही नवा प्रश्न आला नाही किंवा कुणाचा हात मोबाईलकडे गेला, की हातगाडी गल्लीच्या तोंडाशी येते. याच्या उलट, आपसात भांडण चाललं असेल, खिळेजुळारी खरा की खजिनदार, तर अर्धा तास गेला तरी मी तोंड उघडत नाही. त्यांच्याकडे माहिती आहे, ते तिच्याशी खेळताहेत. पूर्वी मला तेही अडकणंच वाटायचं आणि मी मधे नाक खुपसून त्यांची मजा घालवायचो.

तिसऱ्या खेपेला हातगाडीची गरज पडली नाही. पैलवान पोऱ्यापाशी बसला, वकिलाने वही चाळली, डॉक्टरीणबाई गल्लीत गेल्या, आणि पंचवीस मिनिटांत तिघं तीन बाजूंनी येऊन एकाच वाक्यावर थांबले. जरा जास्तच लवकर, मला वाटलं. एका सुगाव्यावर ते हो-नाही करत होते, दुसरा मिळाल्यावर खात्री झाली, तिसऱ्याला 'हो हो, कळलं' म्हणून वार्ताहराने पोऱ्याला मधेच तोडलं. अशा वेळी उरलेले सुगावे मी रेटत नाही. सुगावे आहेत म्हणून ते सगळे वाजवून दाखवायची हौस मला होती. तिने प्रसंग सरकारी अहवालासारखा होतो. खेळाडूंनी पुढचं पाऊल उचललं की मी पान उलटतो, फर्मा तिथेच पडून राहिला तरी चालेल.

आणि सगळंच असं मोकळं ठेवायचं नाही, हेही मला या खेपेला कळलं. छापखान्यातून मंडळाकडे जायची वाट रुंद केली ती गोष्ट पुढे जावी म्हणून. पण अण्णांना जिन्यावर ढकललं कुणी, खिळेजुळाऱ्याने की खजिनदाराने, ते मी कुणाच्या कौशल्याने किंवा बाणाने सांगत नाही. त्याचेही सुगावे आहेत, धोतराचा धागा त्यातलाच, पण ते जुळवण्यात चूक झाली तरी गाडी थांबत नाही. चुकीच्या माणसावर आरोप होतो, आणि मग त्याचं काय ते पुढे. शेवटाच्या जागी चुकायची मोकळीक हवी. मधल्या प्रसंगात चुकलं तर माझ्यासकट सगळे नुसते बसून राहतात.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना खुनात काहीच रस नव्हता. "फर्मा सोडला का शेवटी कुणी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो मामा, पुरावा म्हणून ठाण्यात गेला." त्यांना ते फारसं आवडलं नाही. खिळे गेले म्हणजे छापखाना आठवडाभर लंगडा झाला, म्हणाले. पुढच्या भागात अण्णांचा मुलगा पोलिसांकडे खिळे परत मागायला येतो, हे मी त्यांच्या त्या एका वाक्यावरून घेतलंय.

चौथ्या खेपेला एक नवी मुलगी खेळायला आली होती. छापखान्यात शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "मी केराची टोपली बघते." फासे उचलायला तिचा हात गेला होता, मी म्हटलं, "नकोत, आहे एक कागद. चुरगाळलेली पावती, नंबर ०१३७." तिने ती घडी घालून पात्राच्या पर्समध्ये ठेवली, कागदावर तशी नोंदही केली, आणि पुढचे दोन तास त्या पावतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. बाकीचे शेजारणीच्या पावतीवरून मंडळात पोचले, खजिनदार सापडला, खेळ संपला. निघताना पर्स रिकामी करताना तिला ती आठवली. "अय्या," ती म्हणाली, "माझ्याकडे पण होती की एक."